आवंढा अडकतो, घास मात्र सरळ उतरतो

डॉक्टर, नमस्कार. माझं वय ४३. बार्शीत खासगी शिकवण्या घेतो, रोज पाच-सहा तास बोलणं होतं. गेले पाच आठवडे घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. आवंढा गिळताना जास्त जाणवतं, जेवताना तितकंसं नाही. संध्याकाळी आवाज बसतो, रविवारी बरा असतो. एका रात्री मोबाईलवर घशाच्या कॅन्सरची लक्षणं वाचली आणि सगळी आपल्यालाच आहेत असं वाटलं. तेव्हापासून झोप उडाली आहे. दर अर्ध्या तासाला मान चाचपतो, उजव्या जबड्याखाली गाठ लागते. पूर्वी १४ वर्षं तंबाखू मळून खायचो, सहा वर्षांपूर्वी सोडली. आता जेवणानंतर फक्त सुपारी. मोठे काका घशाच्या कॅन्सरनं गेले, ते बिडी ओढायचे. शिकवण्या संपवून जेवायला साडेदहा होतात आणि लगेच आडवा होतो. बायको म्हणते दाखवून या. पण काही निघालं तर? शिवाय इथल्या कॅन्सर हॉस्पिटलात कुणी पाहिलं तर गावभर होईल. काय करू?
— एक वाचक, बार्शी

सप्रेम नमस्कार.

माझा निर्णय आधी सांगतो आणि त्यामागची कारणे नंतर. येत्या आठ-दहा दिवसांत कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन घशाची दुर्बिणीतून एकदा तपासणी करून घ्या. आज रात्रीच धावत जावे असे तुमच्या पत्रात काही नाही, पण ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणून सोडून देण्यासारखेही ते नाही. आठ-दहा दिवस हा अवधी मी तुमची समजूत घालण्यासाठी दिलेला नाही. तुमच्या लक्षणांच्या स्वरूपावरूनच तो ठरवला आहे.

मोबाईलवर तुम्ही जी यादी वाचलीत ती बहुधा खोटी नव्हती. घशात अडकल्यासारखे वाटणे, आवाज बसणे, गिळताना त्रास, कान दुखणे, मानेत गाठ ही लक्षणे घशाच्या कर्करोगात खरोखरच आढळतात. परंतु अशी यादी फक्त एकाच दिशेने बोलते. कर्करोग झालेल्या माणसांना काय काय होते, एवढेच ती सांगते. ज्यांना हे होते त्यांच्यापैकी किती जणांना कर्करोग असतो, हे ती सांगत नाही, आणि तुम्हाला हवे आहे ते नेमके हे दुसरे उत्तर. घशात गोळा असल्याची भावना इतकी सर्वसाधारण आहे की, सर्वेक्षणांत ४० ते ४५ टक्क्यांपर्यंत लोकांनी ती आयुष्यात कधी ना कधी अनुभवल्याचे सांगितले आहे. याउलट स्वरयंत्राच्या कर्करोगाचे संपूर्ण भारतात वर्षाला साधारण ३० ते ३५ हजार नवे रुग्ण आढळतात. म्हणजे बार्शीसारख्या लाख-सव्वा लाख वस्तीच्या गावाच्या वाट्याला सरासरीने वर्षाला दोन-तीन रुग्ण येतात, आणि त्यांतले बहुतेक पन्नाशी ओलांडलेले, वर्षानुवर्षे बिडी-सिगारेट ओढणारे पुरुष असतात. घशाच्या इतर भागांतले कर्करोग धरले तर हा आकडा वाढतो, पण घशात काहीतरी अडकते म्हणणाऱ्या हजारोंच्या तुलनेत तो लहानच राहतो.

आता तुमच्याच लक्षणांकडे येऊ. तुमच्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात: आवंढा गिळताना जाणवते, जेवताना तितकेसे नाही. घशात किंवा अन्ननलिकेच्या तोंडाशी खरोखर काही वाढत असेल, तर अडचण आधी घट्ट पदार्थांशी सुरू होते. भाकरीचा तुकडा पाण्याच्या घोटाबरोबर उतरवावा लागतो, मग माणूस भाकरी आमटीत कुस्करून खाऊ लागतो, नंतर मऊ भातावर येतो, आणि हा क्रम आठवड्या-आठवड्याला पुढे सरकत राहतो. तुमचे उलटे आहे. रिकामा आवंढा अडकतो आणि घास सरळ उतरतो. घशाचे स्नायू ताणलेले असताना किंवा जठरातले आम्ल वर येऊन तिथले अस्तर चुरचुरत असताना नेमके असेच घडते, कारण रिकाम्या आवंढ्यात स्नायूंना पकडायला काही नसते आणि त्यांचा ताण तेवढा जाणवत राहतो. आपण जितक्या वेळा ‘गेले का बघू’ म्हणून आवंढा गिळतो, तितकी तोंडातली लाळ कमी होते आणि पुढचा आवंढा आणखी अडकतो. खाकरण्याचेही तसेच आहे. प्रत्येक खाकरण्यात दोन्ही स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, त्यांना किंचित सूज येते, आणि त्या सुजेमुळे पुन्हा खाकरावेसे वाटते.

यात जागाही पाहावी. स्नायूंच्या ताणामुळे जाणवणारा गोळा बहुतेक वेळा मधोमध, कंठाच्या खाचेपासून घाटीपर्यंत कुठेतरी असतो आणि दिवसभरात कमी-जास्त होतो. कामात मन रमले की विसरला जातो. कर्करोगाचे दुखणे बहुधा एका बाजूला असते, तिथून हलत नाही, आणि अनेकदा त्याच बाजूच्या कानात कळ जाते. घशाच्या आणि कानाच्या संवेदना वाहून नेणाऱ्या काही मज्जातंतूंची मुळे एकच असल्यामुळे कान तपासला तर स्वच्छ दिसतो आणि तरीही दुखतो. एका बाजूचे दुखणे आणि त्याच कानात कळ, अशी जोडी तुमच्याकडे असती तर मी आठ-दहा दिवसांऐवजी ‘दोन दिवसांत जा’ असे लिहिले असते.

आवाजाच्या बाबतीत मात्र मी अधिक काटेकोर आहे. स्वरतंतूंच्या कडेवर एक-दोन मिलिमीटरचा उंचवटा आला तरी त्या दोन कडा नीट जुळत नाहीत आणि आवाज फाटतो, म्हणून स्वरतंतूंचा कर्करोग फार लवकर आवाजातून कळतो. सर्दी-खोकल्याने किंवा ओरडण्याने बसलेला आवाज सहसा दोन आठवड्यांत सुटतो. तीन आठवड्यांच्या पुढे घोगरेपणा टिकला, तर दुर्बिणीने स्वरतंतू प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय औषधे देत बसू नये, हा आम्ही पाळत असलेला नियम आहे. रोज पाच-सहा तास शिकवणाऱ्याचा आवाज संध्याकाळी बसणे आणि रविवारी बरा होणे हे थकलेल्या स्वरतंतूंचे लक्षण आहे. त्यावर वाढलेली गाठ रविवारची सुटी घेत नाही, तिच्यामुळे बिघडलेला आवाज पूर्वपदावर येतच नाही. म्हणून मला तुमच्या आवाजाची मोठी धास्ती वाटत नाही. तरीही पाच आठवडे उलटले आहेत आणि मागे तंबाखूची १४ वर्षे आहेत, तेव्हा अंदाजावर न राहता पाहून घेणे मला योग्य वाटते.

जबड्याखालच्या गाठीबद्दल एक साधी गोष्ट करा. उजवीकडे जिथे लागते, तशीच जागा डावीकडे त्याच दाबाने एकदाच चाचपा. जबड्याच्या हाडाखाली दोन्ही बाजूंना लाळेची एकेक ग्रंथी असते. ती अक्रोडाएवढी, मऊसर आणि किंचित हलणारी लागते. त्याच्या थोडे खाली कंठाच्या एका बारीक हाडाचे टोक बोटाला लागते आणि त्याच्या बाजूला रक्तवाहिनीचा ठोका असतो. हे सगळे प्रत्येकाच्या मानेत असते, पण निरोगी दिवसांत कुणी चाचपत नाही म्हणून माहीत नसते. दोन्हीकडे सारखेच लागले तर ती तुमची नेहमीची ग्रंथी आहे. एकाच बाजूला, टणक, बोटाने न हलणारी, दोन आठवड्यांनंतरही तशीच किंवा वाढत असलेली गाठ असेल, तर ती वेगळी बाब आहे आणि डॉक्टरांना ती सर्वांत आधी दाखवायची आहे. दोन्हीपैकी काहीही असो, या एका तुलनेनंतर तपासणीच्या दिवसापर्यंत मानेला हात लावू नका. दर अर्ध्या तासाला दाबलेली ग्रंथी दुखरी होते आणि मग ते दुखणेच नवे लक्षण म्हणून भीतीच्या यादीत जाऊन बसते. आरशात जीभ बाहेर काढून पाहणाऱ्यांचेही असेच होते. जिभेच्या मुळाशी इंग्रजी व्ही अक्षरासारख्या रांगेत मोठे दाणे प्रत्येकालाच असतात, आणि ते पहिल्यांदा दिसल्यावर घाबरून आलेली कितीतरी माणसे मी पाहिली आहेत.

काकांविषयी तुमच्या मनात जे आहे ते मी समजू शकतो. घरातले मरण यादीतल्या प्रत्येक ओळीला चेहरा देते. पण घशाचा कर्करोग मुख्यतः सवयीतून येतो, रक्तातून फारसा नाही. काका बिडी ओढत होते. बिडीचा धूर स्वरयंत्रावरूनच फुफ्फुसांत जातो. तुम्ही धूर ओढला नाहीत, आणि चुलत्यांच्या आजाराने तुमचा धोका जाणवण्याइतका वाढत नाही.

आणि इथेच मला तुमची काळजी थोडी दुसरीकडे वळवायची आहे, कारण तुम्ही ज्या जागेला घाबरत आहात तिच्यापेक्षा शेजारची जागा जास्त लक्ष देण्यासारखी आहे. मळलेली तंबाखू ओठाच्या आत किंवा गालात दाबून ठेवली जाते. तिचा मारा सर्वाधिक होतो तो गालाच्या आतल्या अस्तरावर, हिरड्यांवर आणि जिभेच्या कडांवर. तंबाखू सोडून सहा वर्षे झाली हे फार चांगले झाले. धोका त्या दिवसापासून उतरू लागतो, पण तंबाखू कधीच न खाल्लेल्या माणसाच्या पातळीवर तो इतक्या लवकर येत नाही. शिवाय ‘आता फक्त सुपारी’ हे वाक्य मला खटकले. सुपारीत तंबाखू नसली तरी सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तिला माणसांत कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. सुपारीने गालाचे अस्तर हळूहळू ताठर होते, तिखट सोसेनासे होते, तोंड कमी उघडू लागते, आणि अशा अस्तरावर पुढे कर्करोग होण्याची शक्यता वाढते. तुमची स्वतःची तीन बोटे उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये जातात का, ते आज पाहा. जात नसतील तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. गालात न पुसला जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल डाग, किंवा दोन-तीन आठवडे न भरलेला व्रण असेल तर तोही दाखवा. नेहमीचे तोंड येणे दहा-बारा दिवसांत भरून जाते. न भरणारा व्रण अनेकदा दुखतही नाही, म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते. केरळात तिरुवनंतपुरम परिसरात झालेल्या मोठ्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्यांनी नुसते तोंड उघडून नीट पाहिल्यामुळे तंबाखू-दारूची सवय असलेल्यांमधले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी झाल्याचे दिसून आले. घशासाठी अशी सरसकट चाळणी उपयोगी ठरलेली नाही, पण तुमच्यासारख्याने तोंड मात्र दरवर्षी दाखवायला हवे. सरकारी आरोग्य केंद्रांतही तिशीच्या पुढच्यांची तोंडाची अशी तपासणी केली जाते.

या तपासणीसाठी कर्करोग रुग्णालयाचे दार ओलांडण्याची गरज नाही. कान-नाक-घशाच्या कोणत्याही साध्या दवाखान्यात ती होते, आणि तिथे सर्दी-कानदुखीचे रुग्णच बसलेले असतात. मात्र तुमच्या गावाविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शी भागातच सुरू झाली. त्या नोंदणीची माणसे गावोगाव फिरून लोकांना लक्षणे सांगत आणि तपासणीला या म्हणून समजावत राहिली. ज्या गावाने हे काम इतकी वर्षे केले, तिथे तपासायला गेलेल्या माणसाला लाज वाटण्याचे कारण नाही.

दवाखान्यात काय होते ते आधी माहीत असले की भीती निम्मी होते, म्हणून सांगतो. डॉक्टर आधी तोंड पाहतील, हातमोजा घालून गाल, जिभेची कड आणि जिभेचे मूळ बोटाने चाचपतील आणि मान दोन्ही बाजूंनी तपासतील. जिभेच्या मुळातली काही वाढ वरून दिसत नाही पण बोटाला लागते, म्हणून हा भाग कुणी वगळला तर ‘जिभेचं मूळही बघता का’ असे विचारायला संकोच करू नका. मग नाकात बधिर करणारा फवारा मारून तीन-चार मिलिमीटर जाडीची लवचिक दुर्बीण नाकावाटे घशात सोडतात. डोळ्यांत थोडे पाणी येते, नाकात दाब जाणवतो, दुखत नाही. ‘ई’ म्हणायला लावतात, तेव्हा दोन्ही स्वरतंतू जुळताना दिसतात. एखादा स्वरतंतू अडखळत असेल तर त्याच वेळी कळते. गाल फुगवायला सांगतात, कारण त्यामुळे स्वरयंत्राच्या दोन्ही बाजूंचे खोलगट कप्पे उघडतात. या कप्प्यांतला कर्करोग बराच काळ गप्प राहतो आणि आवाजही बिघडवत नाही, त्यामुळे तिथे लाळ साचलेली दिसते का हे मुद्दाम पाहिले जाते. सगळे पाच मिनिटांत उरकते. घसा बधिर असल्याने त्यानंतर तासभर काही खाऊ-पिऊ नये, नाहीतर पाणी श्वासनलिकेत जाऊन ठसका लागतो.

जाताना एका कागदावर चार ओळी लिहून न्या: त्रास केव्हा सुरू झाला, वाढतोय की कमी-जास्त होतोय, घन पदार्थ अडकतात का, आणि तंबाखू-सुपारी किती वर्षे. वजन मात्र घरच्या काट्यावर न करता दवाखान्यातच करा. भीतीने जेवण सुटून दोन किलो कमी झालेले असू शकतात, आणि ते डॉक्टरांना तसेच सांगितले पाहिजे. आधीच रक्ताच्या ‘कॅन्सर मार्कर’ तपासण्यांचे पॅकेज किंवा मानेचा स्कॅन करून जाऊ नका. घशाचा कर्करोग आहे की नाही हे ठरवणारी रक्ततपासणी प्रचलित वापरात नाही, आणि कारण नसताना केलेल्या स्कॅनमध्ये थायरॉइडच्या निरुपद्रवी गाठी सापडतात, ज्या पुष्कळ लोकांना असतात. मग एका भीतीच्या जागी दुसरी येते. दुर्बिणीत किंवा मानेत संशयास्पद काही आढळले, तरच सोनोग्राफी, सुईने घेतलेला नमुना किंवा स्कॅन यांची पाळी येते.

‘काही निघालं तर?’ या तुमच्या प्रश्नाला बगल देणार नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे ५८ वर्षांचे एक शेतकरी आले होते. ३५ वर्षे बिडी, चार महिने घोगरा आवाज, दुखणे अजिबात नाही. दुखत नाही म्हणून ज्येष्ठमध चघळत त्यांनी ते चार महिने काढले होते. दुर्बिणीत उजव्या स्वरतंतूच्या कडेवर खडबडीत पांढरट उंचवटा दिसला, पण तंतू नीट हलत होता. तुकडा तपासल्यावर तो कर्करोगच निघाला. त्यांना साडेसहा आठवडे किरणोपचार दिले, बिडी सुटली, आणि आज ते बाजारात भावासाठी घासाघीस करतात तेव्हा आवाज थोडा जाड लागतो इतकेच. स्वरतंतूंपुरत्या मर्यादित असलेल्या अशा अवस्थेत दहापैकी जवळपास नऊ रुग्ण बरे होतात. तंतू हलेनासा झाला किंवा मानेत गाठी आल्या की हे प्रमाण बरेच घसरते आणि उपचारही जड होतात. म्हणजे तपासणीमुळे आजार होत नाही. तो असलाच तर कोणत्या टप्प्यावर हाती लागतो, तेवढेच तिच्यावर ठरते. तुमची लक्षणे त्यांच्या लक्षणांसारखी नाहीत, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो.

माझ्या अंदाजाप्रमाणे तुमच्या तपासणीत स्वरतंतू थोडे लालसर, सुजलेले दिसतील आणि बाकी काही नसेल. तसे झाले तर डॉक्टरांचे औषध घेताना जेवणाची वेळ बदला. शिकवण्यांच्या मध्यंतरात साडेसातच्या सुमारास मुख्य जेवण उरका आणि झोपण्याआधी तीन तास पोटात काही जाऊ देऊ नका. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून तो चार-सहा इंच उंच करा. नुसत्या जादा उशीने पोट दुमडते आणि आम्ल उलट वर ढकलले जाते. खाकरावेसे वाटले की पाण्याचा लहान घोट घ्या. वर्गात खोली मोठी असेल तर छोटा माइक वापरा. सुपारी मात्र तपासणीची वाट न पाहता आजच बंद करा. हा त्रास आठ दिवसांत जात नाही, त्याला दोन-तीन महिने लागू शकतात, आणि त्या काळात गोळा कमी-जास्त होणे म्हणजे तपासणीत काही राहून गेले असे नव्हे.

एकदा स्वच्छ निघालेली तपासणी दर पंधरा दिवसांनी पुन्हा करून घेऊ नका. मात्र घास अडकू लागला, आवाज रविवारीही सुटेनासा झाला, एका बाजूला दुखून कानात कळ जाऊ लागली, मानेत टणक गाठ आली किंवा थुंकीत रक्त दिसले, तर त्याच डॉक्टरांकडे पुन्हा जा आणि ‘हे नवीन आहे’ असे सांगा. श्वास घेताना घरघर होऊ लागली किंवा स्वतःची लाळही गिळता येईनाशी झाली, तर वेळ न घेता त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

उद्या सकाळी शिकवणीला जाण्यापूर्वी दवाखान्याला फोन करून वेळ ठरवा आणि ती तारीख पत्नीला सांगा. त्या दिवसापर्यंत रात्री मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. सोबत पत्नीला घेऊन जा, कारण घाबरलेल्या माणसाला डॉक्टरांनी सांगितलेले निम्मेच आठवते.